हॉस्टेलचा कूलर आणि टॉवरचा पंखा

आधीच सांगते, माझं शिक्षण बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत एवढा मोठा लेख मी पहिल्यांदाच लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. इंग्रजी सेक्शनमध्ये लिही असं मैत्रिणी म्हणत होत्या. पण ज्या काकांकडून मी हे सगळं शिकले, त्यांनी माझा लेख वाचावा अशी माझी इच्छा आहे, म्हणून मराठी.

सुरुवात आपल्या गर्ल्स हॉस्टेलच्या कूलरपासून करते. गोंदियाचा मे महिना बाहेरगावच्या मुलींनाही पहिल्याच वर्षी कळतो. दुपारी ४४-४५ अंश, वारा असा की तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटावं. पण खिडकीतल्या कूलरमध्ये पाणी भरलं आणि ताट्या ओल्या झाल्या की खोलीत चक्क चादर लागते. तोच कूलर जुलैत लावा. बाहेर फक्त २९ अंश, पाऊस पडतोय आणि कूलरसमोर बसून आपण घामाघूम! मागच्या वर्षी आमच्या फ्लोअरवरच्या मुलींनी कूलर बिघडला म्हणून वॉर्डन मॅडमकडे अर्जसुद्धा दिला होता. कूलर अगदी ठणठणीत होता. बिघडली होती ती हवा.

हे का होतं ते फर्स्ट इयरला थर्मोमध्ये शिकवतात, पण तेव्हा आपण ते परीक्षेपुरतं वाचतो. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर वाफ भरभर होते, दमट असेल तर होत नाही. नुसत्या वाफ होण्याने हवा किंवा पाणी जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, त्या मर्यादेला वेट बल्ब तापमान म्हणतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळून वाऱ्यात धरलं की जो आकडा दिसतो तो. आता गंमत बघा. मे महिन्यात दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर वेट बल्ब येतो साधारण २३. जुलैत हवा २९ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के असेल, तर वेट बल्ब येतो २७ च्या थोडा वर. म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने आपला जुलै हा मे महिन्यापेक्षा जास्त ‘गरम’ असतो! आणि डिसेंबरच्या पहाटे हवा १० अंशांवर आली की वेट बल्ब ९ च्या खाली जातो. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षात, इतका फरक.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. सहावं सेमिस्टर संपल्यावर मी जिल्ह्यातल्या एका कारखान्यात ट्रेनिंगला गेले, आणि पुढे तिथेच प्रोजेक्टही मिळाला. त्यामुळे मे ते डिसेंबर मला त्यांचा प्लँट बघता आला. नाव लिहिणार नाही, कारण पुढे त्यांच्या थोड्या चुका सांगायच्या आहेत. तिथे बाराही महिने थंड पाणी लागतं. त्यासाठी २०० टनाचा स्क्रू चिलर आहे. (टन म्हणजे वजन नव्हे. हा उष्णता काढण्याचा वेग आहे, एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट.) चिलर एका बाजूने प्रोसेसचं पाणी थंड करतो आणि ती सगळी उष्णता दुसऱ्या बाजूने कंडेन्सरच्या पाण्यात टाकतो. पूर्ण लोडवर ही उष्णता प्रोसेसची ७०० आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली १३०, अशी मिळून सुमारे ८३० किलोवॅट होते. कंडेन्सरमधून पाणी साधारण ५ अंश गरम होऊन निघतं, टॉवरच्या माथ्यावर जातं, आतल्या फिलवरून खाली पडतं, वर बसवलेला पंखा त्यातून हवा ओढतो, आणि थंड झालेलं पाणी खालच्या टाकीतून परत कंडेन्सरला येतं. ही सगळी उष्णता वाफेनेच गेली असं धरलं, तर तासाला जवळजवळ साडेबाराशे लिटर पाणी आकाशात जातं. आपला कूलर उलटा करा, टॉवर तयार. कूलरला थंड हवा हवी असते, टॉवरला थंड पाणी, एवढाच फरक.

पंख्याची मोटर साडेसात किलोवॅटची. पूर्वी ती थर्मोस्टॅटवर चालायची. पाणी गरम झालं की चालू, थंड झालं की बंद. मोटर दिवसातून कितीतरी वेळा सुरू-बंद व्हायची, पट्टे तुटायचे, आणि पाण्याचं तापमान करवतीच्या दातांसारखं वरखाली जायचं. मग कंपनीने व्हीएफडी बसवला, म्हणजे मोटरला मिळणारी फ्रिक्वेन्सी बदलून तिचा वेग कमीजास्त करणारं यंत्र. ५० हर्ट्झला पूर्ण वेग, २५ ला अर्धा. कंडेन्सरला जाणाऱ्या पाण्यात एक सेन्सर, तो कंट्रोलरला तापमान सांगतो, कंट्रोलर ते ठरवलेल्या आकड्याशी, म्हणजे सेटपॉइंटशी, ताडून पाहतो आणि व्हीएफडीला वेग सांगतो. पाणी गरम तर वेग वाढव, गार तर कमी कर. सेटपॉइंट ठेवला होता २९ अंश.

पंख्याची हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, पण पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ४० हर्ट्झवर हवा ८० टक्के मिळते आणि पॉवर लागते फक्त ५१ टक्के. अर्ध्या वेगावर तर साडेबारा टक्के, म्हणजे एका किलोवॅटच्याही खाली. त्यामुळे सगळ्यांची अपेक्षा अशी की आता वर्षभर बचतच बचत.

मे महिन्यात खरोखर तसं झालं. बाहेर फुफाटा, पण पाणी २९ वर खिळ्यासारखं स्थिर. पंखा ४२-४५ हर्ट्झवर. मी खूश. ऑपरेटर काका मात्र म्हणाले, “पोरी, पाऊस येऊ दे. पाऊस आला का हा पंखा पागल होते.” मला वाटलं वायरिंगमध्ये पाणी जात असेल.

जूनच्या शेवटी पाऊस आला आणि पंखा ५० हर्ट्झवर जाऊन बसला. सकाळी ५०, दुपारी ५०, सतत. पाणी ३० अंशांच्या खाली येईना. कंपनीच्या मेंटेनन्सवाल्यांनी फिल साफ केलं, नोझल पाहिले, सगळं ठीक. आता वर सांगितलेलं आठवा. वेट बल्ब २७. टॉवर कितीही चांगला असला तरी त्याचं पाणी वेट बल्बच्या काही अंश वरच राहतं, या फरकाला अ‍ॅप्रोच म्हणतात. त्या दिवसांत लोड ७० टक्के होता आणि पूर्ण वेगाने अ‍ॅप्रोच जेमतेम ३ अंशांच्या आसपास. म्हणजे पाणी ३० च्या वरच. २९ हा आकडा त्या हवेत मिळणारच नव्हता, आणि कंट्रोलर बिचारा तो मिळवण्यासाठी जीव तोडून पंखा फिरवत होता.

काकांच्या मदतीने मी एका पावसाळी दुपारी पंखा हातावर घेतला, म्हणजे मॅन्युअलवर टाकला. लोड दुपारभर बदलत नव्हता. वेग बदलायचा, पाणी स्थिर होईपर्यंत २० मिनिटं थांबायचं, पंख्याचे आणि चिलरचे किलोवॅट लिहायचे. आकडे गोल करून देते. ५० हर्ट्झवर पंखा ७ किलोवॅट घेत होता, पाणी ३०.२. ४० हर्ट्झवर पंखा ३.६ किलोवॅट, पाणी ३०.९. कंडेन्सरचं पाणी एक अंश गरम झालं की चिलरला अडीच टक्क्यांच्या आसपास जास्त पॉवर लागते. चिलर तेव्हा ९० किलोवॅट घेत होता, म्हणजे पाऊण अंशाला त्याचं दीडेक किलोवॅट वाढलं. पंख्याचे वाचले ३.४, चिलरचे वाढले १.६, निव्वळ फायदा जवळजवळ २ किलोवॅट. मग मी हावरटपणाने ३० हर्ट्झवर नेलं. पंखा दीड किलोवॅटवर आला, पण पाणी ३२.२ झालं आणि चिलर साडेचार किलोवॅट जास्त खाऊ लागला. फायदा फक्त एक किलोवॅट उरला. आणखी खाली गेलो असतो तर तोटाच होता. म्हणजे फार थंड पाण्याच्या मागे लागलं तर पंखा खातो आणि फार गरम होऊ दिलं तर चिलर खातो. मधली जागा त्या दिवशी ४० हर्ट्झच्या आसपास होती.

आता त्या ‘पागल’पणाचा दुसरा भाग, जो मला सगळ्यात आवडला. पाऊस उघडून रात्री हवा जरा कोरडी झाली, प्रोसेसचा लोडही उतरला की पाणी आपोआप २९ च्या खाली यायचं. पण पंखा ५० वरच! पाणी २८, २७, २६... अर्ध्या तासाने पंखा एकदम ढेपाळायचा, मग पाणी वर उसळायचं. काका वैतागून त्याला मॅन्युअलवर टाकायचे, आणि सकाळी साहेब काकांना ओरडायचे.

कारण कंट्रोलरच्या आत आहे. पीआय कंट्रोलरमध्ये दोन हिशोब चालतात. एक म्हणजे आत्ता चूक किती आहे. दुसरा म्हणजे आतापर्यंतच्या चुकांची बेरीज, ज्याला इंटिग्रल म्हणतात. हा दुसरा हिशोब म्हणजे आपल्या कँटीनची उधारी. दिवसभर पाणी सेटपॉइंटपेक्षा १-२ अंश वर, म्हणून प्रत्येक सेकंदाला वहीत थोडी थोडी चूक जमा. पंखा आधीच ५० वर, त्याहून जास्त तो काही करू शकत नाही, पण वहीत लिहिणं काही थांबत नाही. रात्री पाणी २९ च्या खाली आलं तरी आधी दिवसभराची उधारी फिटायला हवी, तोवर कंट्रोलर वेग कमी करत नाही. याला इंटिग्रल वाइंडअप म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. पाणी सेटपॉइंटच्या खाली आहे आणि स्क्रीनवर तरीही 50.0 Hz दिसतंय, तर वाइंडअप समजा. उपायही कंट्रोलरमध्ये असतोच, फक्त चालू करावा लागतो. आउटपुट वरच्या किंवा खालच्या टोकाला टेकलं की वही बंद. आमच्याकडे तो पर्याय बंद राहिला होता, बहुधा बसवणाऱ्याने मे महिन्यात टेस्टिंग केलं असणार! मे महिन्यात हा दोष दिसलाच नसता.

वाइंडअप गेला तरी न मिळणारा सेटपॉइंट तसाच राहिला. मग मी शहाणपणा केला. सेटपॉइंट वेट बल्बलाच बांधून टाकायचा. वेट बल्ब अधिक ४. जुलैत २७ अधिक ४ म्हणजे ३१, आपल्या ४० हर्ट्झच्या जागेला अगदी बरोबर. प्रोजेक्ट गाईड सरांना उत्साहाने दाखवलं. सरांनी एकच प्रश्न विचारला, “मे महिन्यात काय होईल?” २३ अधिक ४, २७. पण मे महिन्यात पूर्ण लोडवर, पूर्ण वेगानेसुद्धा पाणी २८ च्या खाली गेलं नव्हतं! म्हणजे जुलैचा आजार मी मे महिन्यात नेऊन ठेवला होता.

असं का? गरम हवा एका अंशाला जितकी जास्तीची वाफ सामावते, तितकी थंड हवा सामावत नाही. २७ वरून २८ अंशांना गेलं तर संपृक्त हवेच्या प्रत्येक किलोमागे सुमारे दीड ग्रॅम वाफ जास्त मावते. ९ वरून १० ला गेलं तर फक्त अर्धा ग्रॅम. त्यामुळे तेवढीच उष्णता बाहेर टाकायला, वेट बल्ब जितका खाली, तितकं जास्त अंतर टॉवरला लागतं. जुलैत ४ अंशांत भागतं, मे महिन्यात ५-६ लागतात, आणि डिसेंबरच्या पहाटे पूर्ण लोडला १० च्या आसपास. १९२५ साली फ्रीडरिश मेर्केल या जर्मन इंजिनिअरने टॉवरचं जे गणित मांडलं, त्यात तापमानाऐवजी हवेची एन्थाल्पी घेतलीय ती याचसाठी. मी ते गणित सेमिस्टरला पाठ केलं होतं आणि दहापैकी आठ मार्क मिळाले होते. अर्थ आत्ता कळला.

मग सूत्र बदललं. वेट बल्ब २७ ला ४ मिळवायचे, आणि तो एक अंश खाली गेला की अ‍ॅप्रोच अर्ध्या अंशाने वाढवायचा. सरांनी ते सरळ करून दिलं, तेव्हा शेवटी इतकंच उरलं:

```
SP = 17.5 + 0.5 * WB
if SP < 22 then SP = 22
if SP > 32 then SP = 32
```

जुलैत ३१, मे महिन्यात २९, डिसेंबरच्या पहाटे २२. खालच्या दोन ओळी सेन्सर बिघडला तर धाक म्हणून. सेन्सर बिघडतोच. पहिल्याच आठवड्यात कंट्रोलर वेट बल्ब २९ दाखवू लागला, त्यामुळे सेटपॉइंट ३२ आणि पंखा संथ. मी दोन थर्मामीटर, मलमलचा तुकडा आणि हॉस्टेलच्या खोलीतला छोटा टेबलफॅन घेऊन गेले. टॉवरपासून दूर, सावलीत, वाऱ्याच्या दिशेला धरलं तर वेट बल्ब २६.५. सेन्सर टॉवरच्या जाळीला अगदी चिकटून लावला होता, आणि पंख्याने वर फेकलेली वाफाळ हवा वारा पडला की खाली येऊन त्याच्याच नाकात जात होती. सेन्सर पंपहाउसच्या उत्तर भिंतीवर हलवला, फरक मिटला. तेव्हापासून काका महिन्यातून एकदा मलमलने ताडून पाहतात. ओलं फडकं सेन्सरपेक्षा स्वस्त आहे आणि खोटं बोलत नाही, असं ते म्हणतात.

हिवाळ्याचा किस्सा राहिला. वाचणाऱ्याला वाटेल, थंडीत तर मजाच, पाणी जितकं गार तितकी चिलरला पॉवर कमी. तसं एका मर्यादेपर्यंतच असतं. डिसेंबरमध्ये एका पहाटे लोड जेमतेम २५ टक्के, पंखा कमीत कमी वेगावर येऊन नंतर बंदच झाला, तरी पाणी घसरत १७ वर आलं. पंखा बंद असला तरी पाणी फिलवरून पडतंच, आणि गार हवा आपली आपण वर चढते. तेवढं सव्वीसशे वेळा ऐकलेल्या गरम हवेच्या नियमानेच होतं. पाणी इतकं गार की कंडेन्सरमधला गॅसचा दाब पडला. चिलरमध्ये गॅस कंडेन्सरमधून एक्स्पान्शन व्हॉल्व्हमार्गे इव्हॅपोरेटरला जातो तो या दाबाच्या जोरावरच. दाब नाही, तर गॅस कंडेन्सरमध्येच बसून राहतो, पलीकडे इव्हॅपोरेटर उपाशी, तिथला दाबही पडतो आणि चिलर लो प्रेशरवर ट्रिप. स्क्रू चिलरमध्ये कॉम्प्रेसरला तेल पोचवायलाही बऱ्याचदा हाच दाब वापरतात, म्हणून प्रश्न जास्त गंभीर. अलार्म ‘लो सक्शन’ असा येतो, त्यामुळे माणूस गॅस कमी झाला म्हणून सिलिंडर शोधू लागतो. आमच्याकडे अगदी तेच झालं, मेकॅनिक गॅस भरायच्या तयारीत होता. काकांनी कंडेन्सरच्या पाण्याच्या पाइपला हात लावला आणि म्हणाले, “थांबा जी, हे तर विहिरीच्या पाण्यापेक्षा गार आहे.”

इथे पंखा काही करू शकत नाही. शून्यापेक्षा कमी वेग नसतो. याला बायपास व्हॉल्व्ह लागतो. कंडेन्सरमधून आलेलं गरम पाणी माथ्यावर न नेता थोडं परस्पर टाकीत सोडायचं. आमच्या चिलरच्या मॅन्युअलमध्ये सुरुवातीनंतर चालताना कमीत कमी २० अंश असं लिहिलंय, म्हणून सूत्रातली खालची मर्यादा २२ आहे. प्रत्येक चिलरचा आकडा वेगळा, कृपया माझा आकडा उतरवून नेऊ नका.

जाता जाता एक. तिरोड्याचं ३३०० मेगावॅटचं वीज केंद्र आपण सगळ्यांनी ट्रेनमधून पाहिलंय. ६६० मेगावॅटचे पाच संच, २०१२ ते २०१४ मध्ये सुरू झालेले. तिथे कंडेन्सरमध्ये गॅस नाही, टर्बाइनमधून आलेली वाफ असते. पण ती ४५ अंशांना पाणी होते की ४० ला, यावर टर्बाइनमागचा दाब ठरतो, ९.६ किलोपास्कल की ७.४. दाब कमी तर त्याच कोळशात वीज थोडी जास्त. म्हणजे आपल्या जुलैची दमट हवा आमच्या २०० टनाच्या टॉवरला जशी नडते तशीच त्यांनाही. मी तिथे व्हिजिटसाठी अर्ज दिलाय.

कारखान्यात बायपास व्हॉल्व्हची ऑर्डर गेली आहे. तोपर्यंत पहाटेच्या पाळीत लोड उतरला की काका माथ्याकडे जाणारा व्हॉल्व्ह अर्धा फिरवून जुन्या ड्रेन लाइनने पाणी टाकीत सोडतात आणि लॉगबुकात लिहितात, ‘पाणी २१, पंखा बंद, चिलर चालू.’